कालच्या घोषणेबद्दल: काय ठरलंय आणि काय अजून ठरलेलं नाही

सगळ्यांना नमस्कार,

काल दुपारी चारच्या मीटिंगमध्ये विभाग एकत्र करण्याची घोषणा झाली. त्यानंतर तुमच्यापैकी काही जण जागेवर येऊन नुसतेच बसून होते, ते मी पाहिलं. त्या वेळी मी घाईघाईत "काळजी करू नका" म्हणून गेलो. तसं म्हणायला नको होतं. काळजी वाटणारच, मलाही वाटते आहे. रात्री आणि आज सकाळी वरिष्ठांशी बोललो, त्यातून जे कळलं ते जसंच्या तसं लिहितो.

आपला सपोर्ट विभाग आणि इम्प्लिमेंटेशन विभाग पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून एकत्र होणार, हे नक्की आहे. दोन्हींना मिळून एकच विभागप्रमुख असेल. ही तिमाही संपेपर्यंत आपण चौदा जण एकाच टीममध्ये राहू, शिफ्टही आहेत तशाच चालतील. मंजूर झालेल्या रजा मंजूरच आहेत. कुणी घरच्या कार्यासाठी किंवा उपचारासाठी सुट्टी घेतली असेल, तर ती बदलू नका. बिलिंग मॉड्यूलचं रिलीज ठरल्या तारखेलाच होईल.

आता जे ठरलेलं नाही ते. तिमाहीनंतर सगळ्या जागा राहतील का, हे मी आज सकाळी थेट विचारलं. उत्तर मिळालं, "अजून निर्णय झालेला नाही." मी पुन्हा विचारलं, "म्हणजे कमी होऊ शकतात?" त्यावर "नाही" असं उत्तर आलं नाही. म्हणून कुणाचीही नोकरी जाणार नाही, असा शब्द मी तुम्हाला देऊ शकत नाही. तसा शब्द दिला आणि उद्या तो खोटा ठरला, तर पुन्हा तुमच्या डोळ्याला डोळा भिडवता येणार नाही.

टेस्टिंगचं काम दोन्ही विभागांत होतं. ते कुठे जाणार, हे ठरलेलं नाही, त्यामुळे आपल्या तिघा टेस्टर्सना जास्त धास्ती वाटते आहे याची मला जाणीव आहे. कंत्राटावरच्या दोघांची मुदत पुढच्या महिन्यात संपते. त्यांच्या नूतनीकरणाची फाइल मी घोषणेच्या आधीच पाठवली होती, ती सध्या थांबलेली आहे. शुक्रवारपर्यंत काही तरी लेखी उत्तर द्या, असं मी एचआरला कळवलं आहे. तुम्ही दोघांनी दुसरीकडे चौकशी सुरू केलीत, तर मला जराही वाईट वाटणार नाही. शिफारसपत्र हवं असेल तर मागा, त्याच दिवशी देईन.

नवा विभागप्रमुख कोण आणि माझी स्वतःची भूमिका काय, हेही मला सांगितलेलं नाही. म्हणून वर्षभराच्या अप्रेझलसाठीची प्रत्येकाच्या कामाची टिपणं मी याच आठवड्यात पूर्ण करून सिस्टिममध्ये टाकतो आहे. उद्या तुमचं मूल्यमापन दुसऱ्या कुणी केलं, तरी गेल्या वर्षी डेटा मायग्रेशनच्या वेळी सलग तीन शनिवार-रविवार कोण बसलं होतं, हे त्यांना वाचायला मिळालं पाहिजे. तुमचं टिपण पाठवण्याआधी तुम्हाला दाखवेन. काही राहिलं असेल तर भर घाला, संकोच करू नका.

नव्या विभागातल्या नावांचा फोनवर फिरणारा तक्ता मीही पाहिला. तो अंतिम नाही, असं मला सांगण्यात आलं आहे. त्यात स्वतःचं नाव नाही म्हणून आज एक जण रडवेला होऊन माझ्याकडे आला होता. कृपा करून तो पुढे पाठवू नका. काही कानावर आलं तर मला विचारा. माहीत असेल तर सांगेन आणि माहीत असूनही सांगायची परवानगी नसेल, तर तसं स्पष्ट म्हणेन.

दर गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत माझा मेल येईल. नवीन काही नसलं तरी "नवीन काही नाही" एवढं कळवायला लिहीनच, कारण शांतता पसरली की मन भलतंसलतं रचत बसतं. उद्यापासून प्रत्येकाशी वीस-वीस मिनिटं एकेकट्याने बोलणार आहे. वेळा कॅलेंडरवर टाकल्या आहेत, रात्रपाळीवाल्यांसाठी पाळी सुरू होण्याआधीची वेळ ठेवली आहे. घरचे हप्ते, मुलांच्या फिया, बदलीची अडचण, जे मनात असेल ते बोला. तुम्ही म्हणाल तेवढंच पुढे जाईल.

कामाचं म्हणाल, तर या आठवड्यात रिलीज आणि ग्राहकांच्या तातडीच्या तक्रारी एवढंच बघू. अंतर्गत रिपोर्ट आणि शुक्रवारचं ट्रेनिंग मी पुढे ढकललं आहे. या मनःस्थितीत कुणाच्या हातून चूक झाली तर ती लगेच सांगा, मिळून दुरुस्त करू.

एचआरला विचारायचे प्रश्न आज संध्याकाळपर्यंत मला पाठवा. नाव घालायचं नसेल तर चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवलीत तरी चालेल. उद्या अकराच्या बैठकीत मी ते सगळे प्रश्न वाचून दाखवणार आहे आणि मिळतील ती उत्तरं दुपारच्या आत तुम्हाला कळवेन.