रेंज गेली तरी नोंद जागेवर आहे: बाजारभाव ॲपचा मजकूर

स्क्रीन बांधणाऱ्या आणि तपासणाऱ्या सगळ्यांसाठी. आपलं ॲप वापरणारा माणूस लातूर, परभणी, हिंगोली, नांदेडकडचा. कट्टे भरून झालेत, टेम्पो दारात उभा आहे, आणि त्याच वेळी तो भाव बघतोय. अशा वेळी स्क्रीन अडली तर त्याला तीन गोष्टी लगेच कळायला हव्यात: काय झालं, माझी नोंद किंवा पैसे शाबूत आहेत का, आणि आता मी काय करू. गंमत करायची ती रेंजची, सर्व्हरची, आपल्या ॲपची. शेतकऱ्याची कधीच नाही. पैसे, वजन, ओलावा आणि पाऊस यांच्या स्क्रीनवर तर गंमत अजिबात नको. खालची नावं आणि आकडे नमुन्याचे आहेत, ॲपमध्ये ते त्या-त्या नोंदीतून येतील.

रेंज नसेल तेव्हा

> रेंज बांधावरूनच माघारी गेली
> इंटरनेट चालू नाही. तुम्ही भरलेली ४१ कट्ट्यांची नोंद फोनमध्ये जपून ठेवली आहे. रेंज आली की ती आपोआप जाईल. पुन्हा भरू नका.
> [पुन्हा जोडून बघा] [साठवलेले भाव बघा]

“पुन्हा भरू नका” हे वाक्य कुठल्याही कारणानं कापू नका. नोंद गेली की राहिली हे कळलं नाही, तर माणूस तीच नोंद दोनदा करतो आणि मग आडतीवर एकाच मालाच्या दोन नोंदी निघतात.

“साठवलेले भाव बघा” दाबल्यावर वर पिवळी पट्टी येईल. तिथं गंमत नाही:

> हे भाव काल सायंकाळी ६:४० चे आहेत. आजचे भाव अजून मिळालेले नाहीत. गाडी ठरवण्याआधी आडत्याला फोन करून खात्री करा.
> [आडत्याला फोन करा]

सगळ्या ॲपमध्ये मला सर्वांत जास्त काळजी याच पट्टीची आहे. स्क्रीन बंद पडली तर माणूस थांबतो, पण शिळा भाव ताजा म्हणून दिसला तर तो गाडीभाडं खर्चून बाजार गाठतो. त्यामुळं पट्टी खाली सरकवली तरी जाता कामा नये, आणि वेळ प्रत्येक भावाच्या शेजारी दिसली पाहिजे.

ॲप उघडायला वेळ लागला तर

> गेटवर टेम्पोंची रांग लागावी तशी आमच्याकडं रांग लागली आहे
> एकाच वेळी खूप जण भाव बघत आहेत. थोडं थांबा, तुमचा नंबर येतोय.

हा मजकूर २० सेकंदांपुरताच. त्यानंतर तीच गंमत डोक्यात जाते, म्हणून मजकूर बदलायचा:

> अजून उघडलं नाही
> ताटकळत बसू नका. भाव आले की फोनवर सूचना पाठवू.
> [सूचना पाठवा] [साठवलेले भाव बघा]

आणि सर्व्हरच बंद असेल तर:

> बिघाड आमच्याकडं आहे, तुमच्या फोनला काही झालेलं नाही
> फोन बंद-चालू करू नका, ॲपही काढून टाकू नका. तुमच्या जुन्या नोंदी आणि पट्ट्या सुरक्षित आहेत. आमची माणसं दुरुस्तीला लागली आहेत.
> [मदतीसाठी फोन करा]
> फोनवर हा आकडा सांगा: ५०३

आकडा तळाशी आणि लहान अक्षरात. तो फक्त फोन घेणाऱ्याच्या उपयोगाचा आहे.

ओटीपी

> हा ओटीपी जुळला नाही
> दोन-तीन एसएमएस आले असतील तर सगळ्यात शेवटचा बघा. आधीचे आता चालत नाहीत.
> [नवा ओटीपी मागवा]

> जरा दम खाऊ
> ओटीपी बऱ्याचदा चुकला, म्हणून तुमच्या खात्याच्या सुरक्षिततेसाठी १० मिनिटं थांबवलं आहे. ८:२५ ला पुन्हा प्रयत्न करा. तोवर भाव बघता येतील.
> [भाव बघा]

दोन्हींच्या खाली कायम: “ओटीपी कोणालाही सांगू नका. आमचं नाव सांगून कोणी मागितला तरी नाही.”

काटापट्टीचा फोटो

इथं लोक सगळ्यात जास्त अडकतात. काट्यावरून पट्टी हातात पडते, मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो, हाताला हळद किंवा धूळ, आणि एका हातानं फोटो काढायचा. अशा माणसाला “प्रतिमा अवैध आहे” म्हणून कसं चालेल? फोटोत काय बिघडलं ते ॲपला कळतं, मग तेच सांगू.

> फोटोत अंगठा आलाय
> नेमका निव्वळ वजनाचा आकडा झाकला गेला. पट्टी टेम्पोच्या फाळक्यावर ठेवा आणि वरून फोटो काढा.
> [पुन्हा फोटो काढा] [आकडे हातानं भरा]

> पट्टी हलली, आकडे पुसट आले
> शेवटचा आकडा ० आहे की ६ हे कळत नाही. वजनाचा प्रश्न आहे, म्हणून अंदाज बांधत नाही. तुम्हीच बघून सांगा.
> [० आहे] [६ आहे] [पुन्हा फोटो काढा] [आकडे हातानं भरा]

> अंधार फार आहे
> फ्लॅश लावून बघा. पट्टी चकाकली तर थोडी तिरकी धरा.
> [फ्लॅश लावा] [आकडे हातानं भरा]

“आकडे हातानं भरा” ही वाट तिन्ही ठिकाणी उघडी ठेवा. कॅमेऱ्याच्या काचेला तडा गेला म्हणून कुणाची पट्टी अडायला नको.

माल नोंदवताना

> ४,१०० क्विंटल लिहिलंय. शून्य जास्त पडलं का?
> १ क्विंटल म्हणजे १०० किलो. एकदा बघून घ्या.
> [बरोबर आहे] [बदलतो/बदलते]

इथं “चूक” म्हणायचं नाही. शेतकरी गटाचा किंवा उत्पादक कंपनीचा माल असेल तर आकडा खरा असू शकतो. “बरोबर आहे” दाबलं की पुढं जाऊ द्या, दुसऱ्यांदा हटकू नका.

> ओलावा १४% लिहिला आहे
> हमीभाव खरेदीत सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा १२% धरतात. कधी सरकार सूट देतं, तेव्हा निघण्याआधी खरेदी केंद्रावर विचारा. खुल्या बाजारात माल नेता येईल, पण ओलाव्यामुळं भाव कमी लागू शकतो.
> [केंद्राला फोन करा] [खुल्या बाजारात नोंदवा]

याच्या खाली बारीक ओळ: “२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल.” हंगाम बदलला की वर्ष आणि आकडा दोन्ही बदला. वर्ष न लिहिता नुसता आकडा कधीच दाखवू नका.

बोलून शोधताना आवाज कळला नाही तर मात्र मोकळेपणानं बोलू:

> मागं ट्रॅक्टर चालू आहे का?
> तुमचा आवाज नीट ऐकू आला नाही. फोन तोंडाजवळ धरून फक्त पिकाचं नाव सांगा, जसं “तूर”.
> [पुन्हा बोला] [टाइप करा]

पैसे अडकले तर

टेम्पोची आगाऊ रक्कम यूपीआयनं भरताना:

> ५०० रुपये तुमच्या खात्यातून वजा झाले, पण आमच्याकडं अजून जमा झाले नाहीत
> पुन्हा भरू नका. आम्ही बँकेकडून खात्री करून घेत आहोत. व्यवहार फसला असेल तर रक्कम तुमच्याच खात्यात परत येईल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ती परत यायला हवी.
> टेम्पोचं बुकिंग आज रात्री ९ पर्यंत राखून ठेवलं आहे.
> [व्यवहार क्रमांक कॉपी करा] [मदतीसाठी फोन करा]

आधीच्या मसुद्यात इथं “पैसे वाटेत चहाला थांबलेत” असं होतं. काढलं. ज्याचे ५०० रुपये लटकलेत त्याला ते वाचून हसू येणार नाही, आणि आपल्यावरचा विश्वास उडेल तो वेगळाच.

> खरेदीदाराचे पैसे अजून जमा झालेले नाहीत
> तुमचा सौदा १२ तारखेचा, निव्वळ वजन १८.४० क्विंटल. पट्टी इथं जपून ठेवली आहे. आधी आडत्याशी बोला, उत्तर मिळालं नाही तर बाजार समितीकडं तक्रार करता येते.
> [पट्टी बघा] [तक्रार लिहा]

> हा व्यवहार तुम्ही केलेला नाही?
> आत्ताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि तुमच्या बँकेलाही कळवा. जितका लवकर फोन, तितकी पैसे थोपवायची शक्यता जास्त.
> [१९३० ला फोन करा]

रिकामी पानं

पान रिकामं दिसलं की ॲप बिघडलं असं वाटतं. म्हणून आधी सांगायचं की इथं काय येणार आहे. इथं थोडी ऐसपैस गंमत चालेल, कारण कुणाचं काही हरवलेलं नाही.

*माझी विक्री*

> अजून पहिला कट्टा यायचाय
> तुम्ही विकलेला माल, पट्ट्या आणि जमा झालेले पैसे इथं एका जागी दिसतील.
> [माल नोंदवा]

*माझे बाजार*

> कुठला बाजार तुमचा?
> लातूर, उदगीर, जालना, वसमत... रोज बघता ते बाजार निवडा. ॲप उघडलं की त्यांचेच भाव आधी दिसतील.
> [बाजार निवडा]

*शोध*

> आज लातूरला हळदीचा भाव आलेला नाही
> वसमत, हिंगोली आणि नांदेडचे भाव बघा.
> [वसमत] [हिंगोली] [नांदेड]

*बाजार बंद*

> आज येळवस. बाजार बंद, शिवार चालू
> सौदे उद्या होतील, भावही उद्याच येतील. आज आंबील आणि भज्जीवर ताव मारा.
> [कालचे भाव बघा]

हा मजकूर लातूर, धाराशिव आणि जिथं येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण, करतात तिथल्याच बाजारांना लावा. संभाजीनगरच्या माणसाला साधं “आज बाजार बंद आहे” पुरे. आणि दुष्काळाच्या सालात ताव मारायची ओळ काढून टाका, नुसतं “येळवसच्या शुभेच्छा” ठेवा.

*खरेदीदारांचे निरोप*

> अजून कुणी विचारलेलं नाही
> तुमची तूर यादीत दिसत आहे, नोंदीत काही अडचण नाही. मालाचा स्वच्छ उजेडातला फोटो जोडलात तर खरेदीदाराला प्रत कळेल.
> [फोटो जोडा]

“नोंदीत काही अडचण नाही” हे वाचून माणसाचा जीव भांड्यात पडतो. नाहीतर आपलंच काहीतरी चुकलं या धास्तीनं तो नोंद काढून परत करतो.

*पावसाचे इशारे*

> तुमच्या तालुक्यासाठी सध्या इशारा नाही
> हवामान खात्याचा इशारा आला की इथं दिसेल. शेवटचं तपासलं: आज दुपारी २:१५.

एवढंच. सूर्य हसतोय असं चित्र लावू नका, “छान ऊन पडलंय” लिहू नका. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलात असताना आणि पावसानं उघडीप दिलेली असताना हेच पान शेतकरी दिवसातून कितीदा उघडतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

उरलेलं

> फोनमध्ये जागा उरली नाही
> पट्टी साठवायला थोडी जागा हवी. “शुभ सकाळ”चे जुने फोटो काढले तरी भागेल.
> [जागा मोकळी करा]

> ॲप जुनं झालं
> नवं घ्या, तुमच्या नोंदी आहेत तशाच राहतील. शक्यतो वाय-फायवर घ्या, म्हणजे डेटा खर्च होणार नाही.
> [नवं घ्या] [नंतर]

> खातं बंद करायचं?
> नोंदी आणि पट्ट्या पुसल्या जातील आणि परत मिळणार नाहीत. आधी पट्ट्या फोनमध्ये उतरवून घ्या.
> [पट्ट्या उतरवून घ्या] [खातं बंद करा] [राहू द्या]

तिन्ही बटणं सारख्याच आकाराची ठेवा. जाणाऱ्याला अडवायचं नाही, आणि “आम्हाला सोडून चाललात?” असलं काही कुठंही लिहायचं नाही.