फोटोतल्या ०.२१ विषयी

नमस्कार,

झोपण्याआधी मोबाइल दूर ठेवण्यावरच्या अभ्यासाच्या, तुम्ही पाठवलेल्या अ‍ॅबस्ट्रॅक्टचा फोटो मोठा करून दोनदा वाचला. छापण्याआधी विचारलंत, हे फार बरं केलंत. मथळ्यातलं ‘झोप २१ टक्क्यांनी सुधारते’ मात्र कृपया काढा. तो आकडा टक्क्यांचा नाहीच.

कामाची ओळ ही:

d = 0.21, 95% CI 0.03–0.39, p = 0.02

कागदाच्या घडीमुळे 0.21 मधला शेवटचा अंक पुसट झालाय. १ की ७, कळेना. पण 95% CI, म्हणजे d ची खरी किंमत ज्या पट्ट्यात असू शकते तो इंटर्व्हल, d च्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच पसरतो, आणि ०.०३ व ०.३९ यांचा मध्य येतो ०.२१. म्हणजे १ च.

दोन गटांच्या सरासरींतल्या फरकाला गुणांच्या प्रमाण विचलनाने भागलं की d मिळतो. माणसामाणसांत झोपेचे गुण एरवीच जितके कमीजास्त असतात, त्या मानाने हा फरक साधारण एक पंचमांश. वाचकांसाठी असं मांडता येईल: झोपण्याआधी मोबाइल बाजूला ठेवणाऱ्या गटातला कुणीही एक आणि दुसऱ्या गटातला कुणीही एक घेतला, तर पहिल्याचे गुण जास्त असण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के. परिणाम शून्य असता तर ती ५० असती. (हे ५६ मी d वरून काढलंय, गुणांचं वितरण घंटेच्या आकाराचं धरून. पेपरातला आकडा म्हणून छापू नका.)

संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्या ढोबळ पट्टीवर ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. ही पट्टी सरसकट लावू नये, असं त्यांनीच बजावलं होतं. बिनखर्चाच्या सवयीचा लहानसा परिणामही मोलाचा असू शकतो, त्यामुळे ‘काहीच फरक नाही’ असंही लिहू नका. पण इंटर्व्हलचं खालचं टोक शून्याला टेकत आलंय, हे वाचकाला कळायला हवं. p म्हणजे परिणाम शून्य असता तरी इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. तो लहान आहे म्हणून परिणाम मोठा ठरत नाही, आणि त्याचा अर्थ ‘९८ टक्के खात्री’ असाही होत नाही.

गट यादृच्छिक पद्धतीने पाडलेत, ही जमेची बाजू. मात्र झोपेचे गुण सहभागींनी स्वतः दिलेत, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ‘झोप सुधारली’ऐवजी ‘झोप बरी लागल्याचं सांगितलं’.

मी असं लिहिलं असतं: ‘झोपण्याआधी मोबाइल दूर ठेवणाऱ्यांनी चार आठवड्यांनंतर सरासरी किंचित चांगली झोप नोंदवली, फरक लहान आहे आणि त्याच्या नेमक्या आकाराबद्दल अजून अनिश्चितता आहे.’

झोप किती मिनिटांनी वाढली, हे फोटोतून कळत नाही. शेवटच्या दोन ओळी कापल्या गेल्यात. पूर्ण पेपर मिळाला तर निकालांचा तक्ता पाठवा, आज रात्रीच पाहून कळवतो.