स्वेच्छासेवानिवृत्तीचा अर्ज

दिनांक : 24 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. सचिव साहेब,
संस्था कार्यालय, पलूस, जि. सांगली

मार्फत : मा. मुख्याध्यापिका, माध्यमिक विद्यालय

विषय : स्वेच्छासेवानिवृत्ती मिळणेबाबत

महोदय,

मी आपल्या विद्यालयात जून 1998 पासून उपशिक्षिका (गणित व विज्ञान) या पदावर कार्यरत आहे. माझी अर्हताकारी सेवा वीस वर्षांपेक्षा जास्त झाली आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधील नियम 66 नुसार मी तीन महिन्यांची पूर्वसूचना देत असून, दिनांक 31 मे 2026 रोजी कार्यालयीन वेळेनंतर मला सेवानिवृत्त करावे, ही विनंती.

नियमाप्रमाणे अर्ज इथे संपला. पुढचा मजकूर मात्र स्टाफ मीटिंगमध्ये आणि माझ्या वर्गांत कुणीतरी वाचून दाखवावा. मीच वाचला असता, पण कारणच ते आहे. दोन वर्षांपासून स्वरयंत्रावर गाठी आहेत. डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि साठ मुलांच्या वर्गात हळू बोलून भूमिती शिकवता येत नाही. मी करून पाहिलं. नोव्हेंबरात नववी ब मध्ये माझा आवाज पार बसला, तेव्हा मागच्या बाकावरची पोरं एरवी कधी गप्प बसत नाहीत, ती पुढं येऊन जमिनीवर बसली. मी फळ्यावर लिहायचे आणि पहिल्या बाकावरची मुलगी मोठ्यानं वाचायची. पंधरा दिवस तसं चाललं. त्या वर्गाचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

माझ्या टेबलावरचा तो डबा सगळ्यांना माहीत आहे. फळ्यावरची माझी चूक पकडेल त्याला एक रुपया. पहिल्या वर्षी मी मुद्दाम चुका करायचे. नंतर तशी गरज पडली नाही. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, पायथागोरस काटकोन त्रिकोणालाच का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" मला तासाला उत्तर देता आलं नाही. रात्री घरी वही घेऊन बसले, दुसऱ्या दिवशी कोन थोडा थोडा उघडत नेऊन दाखवला, आणि तो धडा तेव्हापासून तसाच शिकवते. ती चूक नव्हती, तरी मी तिला पाच रुपये दिले होते. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर जी मुलं दिवाळीनंतर यायची आणि मार्चमध्ये जायची, त्यांनीही या डब्यातले बरेच रुपये नेलेत. हिशेबात ती पटाईत. वजनकाट्यावर उभं राहून शिकलेली.

सहकाऱ्यांबद्दल लिहायचं तर आधी ऑगस्ट 2019 आठवतो. कृष्णेचं पाणी तळमजल्यात शिरलं, आणि ओसरल्यावर कपाटातून जनरल रजिस्टरं निघाली ती चिखलाच्या विटांसारखी. प्रत्येकाचं स्वतःचं घर धुवायचं बाकी होतं. तरी क्लार्क भाऊसाहेबांनी पानं एकेक सोडवली, आम्ही ती जुन्या वर्तमानपत्रांत घालून पंख्याखाली वाळवली, आणि शिपाई मामांनी घरून इस्त्री आणली. आजही दाखल्यासाठी ती रजिस्टरं उघडली की पानं कुरकुरतात. मामा, तुमच्या त्या इस्त्रीनं कितीतरी पोरांच्या जन्मतारखा वाचल्या.

मधल्या सुट्टीचा डबा हा वेगळा विषय आहे. मराठीच्या बाईंचा खरडा, पी.टी.च्या सरांची शिळी भाकरी आणि त्यावरून रोज होणारी तीच भांडणं. निवडणुकीची ड्युटी आली की माझ्या घरच्या अडचणी बघून ज्यांनी न बोलता तास सांभाळले, त्यांची नावं लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही. मुख्याध्यापिका बाई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत. मी त्यांच्याकडे रजा मागायला गेले की त्याच उठून उभ्या राहायच्या. हे आता तरी थांबवा.

दहावीचं काम अर्ध्यावर सोडणार नाही. बोर्डाचे माझ्या वाट्याला येतील ते पेपर तपासून देईन, नववीचा निकाल लावीन. प्रयोगशाळेतल्या डाव्या कपाटाची किल्ली मामांकडे आहे. त्याचं कुलूप उलट फिरवावं लागतं. खालच्या कप्प्यात 2003 पासूनच्या सराव प्रश्नपत्रिका आहेत, पुरातून त्या तेवढ्या वाचल्या कारण मी त्या घरी नेल्या होत्या, विनापरवानगी. नवीन शिक्षक येतील त्यांना त्या द्याव्यात. डबाही द्यावा. त्यात सध्या एकवीस रुपये आहेत.

सेवापुस्तकातील नोंदी पूर्ण करून निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव वेळेत पाठवावा, ही नम्र विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
सौ. सुनंदा पाटील
उपशिक्षिका

सोबत : वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत