रात्रीच्या आवाजाबद्दल

कोथरूड, पुणे

ती. काका-काकूंना सा. न.

रात्री उशिरा आमच्याकडे चालणाऱ्या तबल्याच्या रियाजाचा आणि खुर्च्या ओढण्याचा तुम्हाला वारंवार त्रास झाला. काकांना बीपीच्या गोळीनंतर झोप हवीच असते, हे माहीत असूनही असं घडलं. मनापासून माफी मागतो.

नियमानं रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते. आपण साडेनऊपासूनच धरूया का? दुपारी २ ते ४ रियाज बंद. तबल्याखाली जाड सतरंजी घातली आहे, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या आणल्या आहेत. गणपतीतल्या आरत्यांचं तेवढं आधी बोलून ठरवू.

वेळा सोयीच्या नसतील तर काकूंनी हक्कानं सांगावं. रविवारी सकाळी भेटायला येऊ का?

आपला,
वरच्या मजल्यावरचा निखिल