विक्या, रविवारच्या त्या मीमबद्दल

विक्या,

फोन तू उचलत नाहीयेस, आणि ते बरंच आहे. उचलला असतास तर "अरे लेका, मस्करी होती रे" एवढं बोलून मी मोकळा झालो असतो. म्हणून लिहितोय. मेसेज लांबलाय, जमेल तेव्हा वाच. निळी टिक दिसली म्हणून उत्तरासाठी तगादा लावणार नाही.

रविवारी रात्री आपल्या राहुरीच्या कृषी कॉलेजच्या ग्रुपवर तुझा फोटो लावून जे मीम टाकलं, त्याबद्दल माफी मागतो. ते कुठून फॉरवर्ड होऊन आलेलं नव्हतं. मीच बसून बनवलं होतं. फोटो माझ्या लग्नातला, तू फेटा बांधून अक्षता वाटत होतास तो. वर लिहिलं, "मुलगा काय करतो?" आणि खाली, "एमपीएससीची पूर्व देतो. मागच्या वर्षी पण दिली. पुढच्या वर्षी पण देणार आहे." वरून तुला टॅग केलं आणि "आमचे भावी तहसीलदार" असं लिहिलं. पोरं हसली, मलाही बरं वाटलं. गण्याने त्याचं स्टिकर केलं, त्याला मी हसण्याचे तीन इमोजी टाकले. ज्या लग्नात पाण्याचा टँकर आला नाही म्हणून तू भर उन्हात मोटरसायकल काढून गावभर फिरलास, त्याच लग्नातला फोटो मला या कामाला सापडला.

सोमवारी संध्याकाळी संत्याचा फोन आला, तेव्हा कळलं की रविवारी दुपारी तुमच्याकडे करमाळ्याचे पाहुणे येऊन गेले होते, आणि "नोकरीचं काय ते होऊ द्या, मग बघू" म्हणून उठले. हे मला माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं ही पळवाट म्हणून सांगत नाही. तुळशीची लग्नं उरकली की घरोघरी हेच सुरू होतं, आणि तुझ्या घरी हा विषय किती नाजूक झालाय हे मला दिवाळीतच कळलं होतं. काकू माझ्या बायकोशी फोनवर बोलल्या होत्या. म्हणजे तारीख माहीत नसली तरी दुखणं कुठे आहे ते माहीत होतं. बरोबर तिथेच बोट ठेवलं.

आणि ओंकार. तो ग्रुपवर आहे हे माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. सप्टेंबरात सीनेचं पाणी शिवारात शिरलं तेव्हा पंचनाम्याचं काय, पाण्याखाली गेलेल्या उसाला आता काय द्यायचं, हे विचारायला मीच त्याला ग्रुपवर घेतलं होतं. संत्या म्हणाला, पोराला काही कळलं नाही, त्याने दादाचा फोटो आलाय म्हणून हसत हसत काकांना दाखवला. पाहुणे उठून गेल्यावर, त्याच रात्री. काका काही बोलले नाहीत म्हणे. संत्याने एवढंच सांगितलं आणि मला पुढे विचारायचा धीर झाला नाही.

तू म्हणशील, आपण एकमेकांना काय काय बोलायचो. खरं आहे. नव्या पेठेत कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं होतो तेव्हा तूच तुझ्यावर सगळ्यात जास्त विनोद करायचास. "माझं वय वाढतंय का आयोगाची कॅलेंडरं वाढतायत" हे तुझंच वाक्य. मेसचं पातळ वरण बघून "यात डाळीची फक्त पूर्व झालीय, मुख्य बाकी आहे" म्हणायचास. त्याच जोरावर मला वाटलं की हा विषय आपल्याला चालतो. पण तेव्हा समोर चार कॉट होत्या आणि चौघांच्याही उशाखाली तेच हॉल तिकीट होतं. आता ग्रुपवर साठ-सत्तर माणसं आहेत, निम्मी नोकरीला लागलेली, काही ज्युनियर तर तुला ओळखतही नाहीत. त्यांना तुझं फक्त तेवढंच दिसलं.

अजून एक सांगायचंय, आणि ते मला गेले तीन-चार दिवस नीट बोलता येत नाहीये. मी २०२१ मध्ये सोडलं. १४ मार्चची परीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली, शास्त्री रोडवर पोरं रस्त्यावर उतरली, आपण दोघं रात्री उशिरापर्यंत तिथेच होतो, आठवतं? परीक्षा आठवड्याभराने झाली, पण मी त्याच रात्री मनातून उठलो होतो. कंपनीत लागलो, पगार सुरू झाला, लग्न झालं. तू थांबलास. तेव्हापासून तुझा प्रत्येक निकाल मी दोन मनांनी बघतो. एक मन म्हणतं, होऊ दे रे याचं. दुसरं म्हणतं, नाही झालं तर मी सोडलं ते बरोबर होतं. हे दुसरं मन मी कधी कोणाला दाखवलं नाही, तुला तर नाहीच. रविवारी ते मीम झालं. नुसती मस्करी असती तर तुझ्याऐवजी माझा फोटो लावला असता, मीही तीन पूर्व दिल्यातच की.

तू काय काढलंस या वर्षांत ते मला माहीत आहे, म्हणून जास्त लाज वाटते. दोनदा मुख्यपर्यंत जाऊन आलास, एकदा तर दीड मार्कावरून राहिलास. २०२४ ला २५ ऑगस्टची पूर्व त्याच दिवशी आयबीपीएसची परीक्षा आली म्हणून आणि आपल्या कृषीच्या २५८ जागा त्यात घ्या म्हणून अडली. तेव्हा तू आंदोलनात पुढे होतास, मी जळगावातून फोनवर लाइव्ह बघत होतो. जागांसाठी भांडणारे तुम्ही, आणि ग्रुपवर "आपल्या ॲग्रीवाल्यांनी करून दाखवलं" असं स्टेटस ठेवणारा मी. मग परीक्षा थेट १ डिसेंबरला झाली आणि तुझं सगळं नियोजन कोलमडलं. यंदा २८ सप्टेंबरला पेपर, आणि त्याच आठवड्यात घरात पाणी. हॉल तिकीट आलेलं, बाप शेतात गुडघाभर चिखलात, आणि तू अभ्यासिकेतली खुर्ची सोडून गावाकडे गेलास. परीक्षा ९ नोव्हेंबरवर गेली म्हणून सगळे "बरं झालं, अभ्यासाला वेळ मिळाला" म्हणत होते. त्या वेळात तू वाहून गेलेलं ठिबक गोळा करत होतास, हे ओंकारच्या फोटोंत मी पाहिलंय. त्यातून पेपर दिलास. त्यानंतर आठच दिवसांत माझं मीम.

आणि वर्णनात्मक पॅटर्नचं. वर्षानुवर्षं गोळे भरायची सवय लागलेल्या हाताला आता नऊ पेपर लिहायचे, त्यातले सात मिळून १७५० मार्कांचे. ऑगस्टमध्ये तू मला उत्तरं वाचायला पाठवली होतीस, सहकारी साखर कारखान्यांवरचं एक आणि दुष्काळावरचं एक. मी "भारी" असं लिहून अंगठा टाकला. खरं सांगतो, उघडलीसुद्धा नव्हती. काल रात्री वाचली. दुष्काळाचं उत्तर चांगलं आहे. शेवटच्या परिच्छेदात पाणलोटाचा मुद्दा दोनदा आलाय आणि टँकरबद्दल जे लिहिलंयस ते वर घ्यायला हवं. सहकाराचं मला जरा कोरडं वाटलं, आकडे आहेत पण तुझ्या माढ्यातला ऊस उत्पादक त्यात कुठे दिसत नाही. तुला नको असेल तर हे सोडून दे, वेळ चुकीची आहे हेही कळतं. पण अंगठ्याची भरपाई कधी तरी करायचीच होती.

आता मी काय केलंय ते सांगतो. मीम सोमवारी रात्रीच सगळ्यांसाठी डिलीट केलं. मुदतीत होतं म्हणून निघालं, पण डिलीट केल्याची खूण राहते, त्यामुळे दोघं-तिघं "काय होतं रे" म्हणून विचारत आले. त्यांना काही सांगितलं नाही. गण्याला फोन करून स्टिकर काढायला लावलं. तो आधी "एवढं काय त्यात" म्हणाला, मग गप्प झाला आणि काढलं. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: "रविवारी मी विकासच्या फोटोचं जे मीम टाकलं ते टाकायला नको होतं. चूक माझी. कोणाच्या फोनमध्ये असेल तर काढून टाका आणि त्याला त्याबद्दल काही विचारू नका." पाहुण्यांचा विषय कुठेही काढलेला नाही. संत्यालाही तो कोणाजवळ बोलू नकोस म्हणून सांगितलंय.

तू मंगळवारी ग्रुप सोडलास ते फक्त ॲडमिनना दिसतं. म्हणजे मला आणि सुहासला. बाकी कोणाला कळलेलं नाही, निदान मुद्दाम बघेपर्यंत तरी. मी तुला परत घेणार नाही. तुला वाटलं तर लिंक सुहासकडे आहे, माझ्याकडे मागायची गरज नाही. ओंकारला मात्र काढलेलं नाही, रब्बीच्या हरभऱ्याला बुरशीनाशकाचं तो विचारत होता आणि सुहास त्याला रोज उत्तरं देतोय. तो तिथे नको असं तुला वाटत असेल तर एक शब्द टाक.

"राग सोड" असं मी म्हणणार नाही. राग किती दिवस धरायचा ते तू बघ. तू नंतर "जाऊ दे रे, चालायचंच" म्हणशील हेही मला माहीत आहे, कारण तू तसाच आहेस. तसं म्हणायची घाई करू नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर व्हॉइस नोट पाठव, टाइप करत बसू नकोस, तुझ्या शिव्या ऐकायलाच बऱ्या असतात.

पुढच्या गुरुवारी कंपनीच्या कामाने कुर्डुवाडीत आहे. तिथून तुमचं गाव लांब नाही. पण तू ये म्हणालास तरच येईन, नाहीतर काम उरकून तसाच परत. काकांना फोन करावासा फार वाटला, दोनदा नंबरही काढला. केला नाही. त्यांच्याशी मी काय बोलावं, बोलावं की नाही, हे तू सांगशील तसं.

अमोल