१ जुलैपासून दरवाढ: आधीच्या पत्राऐवजी हे वाचावं

नमस्कार,

दरवाढीबद्दलचं एक पत्र तुम्हाला गेल्या आठवड्यात गेलं. "अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून दरांमध्ये सुधारणा" असं त्यात म्हटलं होतं. ते वाचून बऱ्याच जणांनी विचारलं, "म्हणजे नक्की किती वाढले, आणि कशापायी?" प्रश्न रास्त आहे. ते पत्र बाजूला ठेवा, हे त्याच्या जागी आहे.

१ जुलैपासून आपल्या हिशेबाच्या ॲपचं शुल्क १६ टक्क्यांनी वाढणार आहे. आज १०० भरत असाल तर ११६ भरावे लागतील. तुमचा स्वतःचा नवा आकडा ॲपमध्ये 'माझं खातं' उघडलं की जुन्या आकड्याच्या शेजारीच दिसेल.

या १६ मधले ६ साठवणुकीचे आहेत. खातं चालू आहे तोवर तुमची जुनी नोंद आम्ही कधीच पुसत नाही आणि प्रत्येक नोंदीची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो, म्हणजे एकीकडे बिघाड झाला तरी तुमचं खातं शाबूत राहतं. नुसत्या नोंदींना जागा फारशी लागत नाही. जागा खातात ती बिलांचे फोटो. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत हजारभर नोंदी सहज मावतात, आणि फोटो जोडायची सोय आल्यापासून बहुतेक जण ती रोज वापरतात. वापरायलाच हवी, त्यासाठीच ती दिली आहे. पण त्या जागेचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं आणि ते दरवर्षी वाढत जातं.

४ एसएमएसचे. उधारी थकली की तुमच्या गिऱ्हाइकाला जो आठवणीचा मेसेज जातो, त्याचे पैसे आम्हाला दर मेसेजमागे मोजावे लागतात. आजवर ते शुल्कातच धरलेले होते.

आणखी ४ मदतवाहिनीचे. महिनाअखेरीला फोन लागत नाही ही तुमची तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. फोन घ्यायला दोन माणसं वाढवली आहेत, त्यांचा पगार यातून निघेल.

उरलेले २ कुठल्याही खर्चाचे नाहीत. ते आमच्याकडे राहणार आहेत. चार वर्षं दर तसाच ठेवला, त्यात हाताशी शिल्लक अशी उरलीच नाही, आणि तुमचे हिशेब ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या गाठीला काहीच नसणं तुमच्याही हिताचं नाही. हे २ आम्हाला 'वाढता खर्च' या नावाखाली दडवता आले असते.

आधीच्या पत्रात नव्या अहवालांचा उल्लेख होता. त्यांचा दरवाढीशी काही संबंध नाही. ते तयार झालेच आहेत, ज्यांना हवे त्यांनी वापरावेत.

आता तुमच्या सोयीचं. ज्यांनी वर्षाचे पैसे भरले आहेत त्यांना मुदत संपेपर्यंत एक पैसाही जास्त द्यावा लागणार नाही. महिन्याला भरणाऱ्यांना नवा दर जुलैच्या बिलापासून लागेल. कुणालाही ३० जूनपर्यंत जुन्याच दराने पुढच्या एका वर्षाचे पैसे भरून ठेवता येतील, पण त्यासाठी धावपळ करू नका. वर्षाच्या मध्ये सोडून गेलात तरी उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील.

एसएमएस नको असतील तर 'माझं खातं' मध्ये ते बंद करा, तुमची वाढ १६ ऐवजी १२ टक्के होईल. व्हॉट्सॲपवर स्वतःच आठवण करून देणाऱ्यांनी तर हे जरूर करावं. फोटोंसाठी अशी सवलत ठेवलेली नाही, कारण फोटो बंद केले तरी आधीचे जपून ठेवावेच लागतात.

जुलैनंतर निदान १८ महिने दर पुन्हा वाढणार नाही. नव्या ग्राहकांनाही हाच दर लागेल. जुन्यांकडून जास्त घ्यायचं आणि नव्यांना स्वस्तात बोलवायचं, असं होणार नाही.

एवढं करूनही हा दर परवडत नसेल किंवा पटत नसेल, तर सोडून जाणं अवघड नाही. 'डेटा उतरवा' वर बोट ठेवलं की सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये आणि बिलांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये मिळतात. खातं बंद केल्यानंतरही ९० दिवस तुमची माहिती आम्ही ठेवतो, न जाणो एखादं बिल राहून गेलेलं असायचं.

काही विचारायचं असेल तर याच ईमेलला उत्तर पाठवा. उत्तर माणूसच देईल, दोन कामाच्या दिवसांत. ज्यांचा धंदा सध्या मंद आहे त्यांनीही मोकळेपणाने लिहावं. अशांना सहा महिने जुनाच दर ठेवायची मुभा आम्ही मदतवाहिनीवरच्या माणसांना दिली आहे, त्यासाठी कागदपत्रं मागितली जाणार नाहीत.

आपले,
ग्राहक विभाग