लेह येथील 48 विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा हिवाळी उष्णताभार : हिशेबाची टिपणी

इमारत दुमजली, 30 × 12 मी., मजल्याची उंची 2.7 मी. तापवायचं क्षेत्र 720 चौ.मी., घनफळ 1944 घ.मी. भोजनगृह वेगळ्या इमारतीत असल्याने हिशेबात नाही. बाहेर −15°से., आत 20°से., म्हणजे फरक 35. माणसं, दिवे, ऊन यांची उष्णता धरलेली नाही; पहाटे चार वाजता त्यातलं ऊन नसतंच.

भिंती, छप्पर, जमीन (वॅट/°से.)

- भिंती (50 मिमी थर्माकोल बाहेरून) : 380 × 0.57 = 217
- दुहेरी काचेच्या खिडक्या : 68 × 2.8 = 190
- दारं : 6 × 3 = 18
- छप्पर : 360 × 0.32 = 115
- जमिनीची कड : 84 मी. × 0.9 = 76
- कोपरे, स्लॅबच्या कडा यांसाठी 10% : 62

एकूण 678; गुणिले 35 = 23.7 किलोवॅट.

हवा

इथेच बहुतेक हिशेब चुकतात. 3500 मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या सुमारे 65% दाट. म्हणून नेहमीचा 0.33 हा गुणक न घेता 0.22 घेतला आहे.

फटींतून : ताशी 0.5 बदल, 972 घ.मी. × 0.22 × 35 = 7.5 किलोवॅट.
वायुवीजन : 48 × 8 लि./से. = 1382 घ.मी./तास, 10.6 किलोवॅट. पुरवठा आणि एक्झॉस्ट समतोल आहेत म्हणून दोन्ही बेरजेत. नुसता एक्झॉस्ट असता, तर आत येणारी हवा फटींतूनच आली असती. तेव्हा दोन्ही आकडे सरसकट जोडले की भार फुगतो.

स्थिर भार : 41.8 किलोवॅट. 0.33 धरला असता तर 9 किलोवॅट जास्त आला असता.

पुन्हा तापवण्याची भर

रात्री मुलं खोल्यांत असतात, वायुवीजन चालू. तेव्हा बॉयलर बंद ठेवणं नाही. बंद फक्त मुलं बाहेर असताना, सकाळी 9:30 ते दुपारी 1:30, वायुवीजनाच्या पंख्यांसकट. दुपारी बाहेर −8 धरलं आहे. उष्णता धारण करण्याची क्षमता 33 किलोवॅट-तास/°से., पंखे बंद असताना गळती 892 वॅट/°से.; म्हणजे कालांक 37 तास. चार तासांत तापमान उतरेल :

```
28 × (1 − e^(−4/37)) = 2.9
```

म्हणजे भिंती-स्लॅबमधून 95 किलोवॅट-तास गेले, ते परत द्यायचे. −8 ला 20°से. टिकवायला 25 किलोवॅट लागतात. बॉयलर 42 चा असेल तर वर उरतात 17. साडेपाच तास लागतील, तोवर मुलं परतून स्वेटर घालून बसलेली. त्यामुळे चौ.मी.मागे 22 वॅट, म्हणजे 15.8 किलोवॅट भर, एकूण 57.6, निवड 60. मग 35-36 उरतात आणि 1:30 ला सुरू केलं की चारच्या सुमारास खोल्या तयार.

पंख्यांचा टायमर बॉयलरशी जोडलेला हवा. या वेळात पंखे सुरू राहिले तर 8.5 किलोवॅट त्यांतच जातात, तयारी पाचवर ढकलली जाते.

रेडिएटरही 60 किलोवॅटचे हवेत. ते 42 चे असले तर जादा बॉयलर नुसता चालू-बंद होत राहील. बर्नरची क्षमता 3500 मीटरवरची मागवावी, नावपट्टीवरची नव्हे. उघड्या टाकीच्या व्यवस्थेत तिथे पाणी 88°से.च्या आसपास उकळतं, म्हणून रेडिएटर 70/50 वर निवडले आहेत.